आईबाबांची आरोग्य विमा पॉलिसी पोर्ट करायची आहे, साठलेल्या बोनसचं आणि वेटिंग पिरियडचं नेमकं काय होतं?

गोदाकाठचा_मंदार | २ एप्रिल २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आईबाबांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी जून २०२० पासून एकाच कंपनीकडे आहे. बाबा ६२, आई ५८. बाबांना मधुमेह आहे, तो २०२० च्या फॉर्मवर लिहिलेला आहे. आजवर एकही क्लेम नाही. विमा रक्कम ५ लाख, दरवर्षी १० टक्के बोनस, म्हणजे आतापर्यंत ५० टक्के, अडीच लाख साठलेत. रिन्युअल १२ जूनला आहे.

कंपनी बदलायची कारणं दोन. आमच्या भागातली दोन्ही चांगली हॉस्पिटलं त्यांच्या कॅशलेस यादीतून निघून गेली. आणि रूमभाड्याला रोज विमा रकमेच्या १ टक्का अशी मर्यादा आहे. दुसऱ्या कंपनीचा १० लाखांचा प्लॅन बघितला, त्यात ही मर्यादा नाही. हप्ता ४६ हजारांवरून ६१ हजारांवर जातोय, तो भरायची तयारी आहे.

एजंट म्हणतो, "साहेब, पोर्ट केलं की सगळं जसंच्या तसं पुढे जातं." हे 'सगळं' म्हणजे काय ते मला कळत नाहीये. सहा वर्षं भरलेल्या हप्त्यांतून जे साठलंय त्यातलं काय सोबत येतं आणि काय मागे राहतं? ज्यांनी स्वतः पोर्ट केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

---

सचिन_चिंचवड | २ एप्रिल, रात्री १०:१५

बिनधास्त करा. नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, कंपनीचा नाही. मी गाडीचा विमा तीनदा बदलला, प्रत्येक वेळी बोनसचं पत्र दाखवलं आणि सूट मिळाली. आता ५० टक्क्यांवर आहे. शिवाय पोर्टिंग हा ग्राहकाचा हक्क आहे, नवी कंपनी नाही म्हणूच शकत नाही.

---

जुना_दप्तरी | ३ एप्रिल, सकाळी ७:०५

सचिनराव, गाडीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तिथे बोनस म्हणजे हप्त्यातली सूट, आणि ती मालकाबरोबर फिरते. आरोग्य विम्यात बोनस म्हणजे बहुतेक पॉलिसींत वाढीव विमा रक्कम. नाव एकच असलं तरी वस्तू वेगळी आहे.

आणि हक्क आहे तो अर्ज करण्याचा. नवी कंपनी तब्येत, वय, जुने क्लेम बघून नाही म्हणू शकते किंवा हप्त्यावर लोडिंग, म्हणजे जास्तीचा आकार, लावू शकते. मी या धंद्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बरीच अंडररायटिंगच्या, म्हणजे अर्ज तपासून विमा द्यायचा की नाही ठरवायच्या, टेबलावर. पोर्टचा अर्ज आमच्याकडे नव्या ग्राहकाच्या अर्जासारखाच तपासला जायचा. बासष्ट वर्षांचे, मधुमेह असलेले गृहस्थ म्हटल्यावर साखरेची एचबीएवनसी, ईसीजी, क्रिएटिनिन मागणारच.

मंदार, उत्तर देण्याआधी एक विचारतो. पहिल्या दिवसापासून रक्कम ५ लाखच होती का? आणि अडीच लाखांचा आकडा तुम्ही हिशेबाने काढलात की शेड्यूलवर वाचलात?

---

अनघा_डोंबिवली | ३ एप्रिल, सकाळी ११:३०

माझाही हाच प्रश्न आहे. नवऱ्याच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, आम्ही चौघं त्यात चार वर्षं. तो पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोय. ती पण अशीच दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येईल ना? वेटिंग तर आम्हाला पहिल्या दिवसापासून नव्हतंच.

---

गोदाकाठचा_मंदार | ३ एप्रिल, रात्री ८:५०

दप्तरीकाका, बरं झालं विचारलंत. आत्ता कपाटातून सगळ्या वर्षांची शेड्यूलं काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. २०२० ते २०२४ रक्कम ३ लाख होती! जून २०२४ मध्ये दादाने ५ लाख करून घेतली, मला ते लक्षातच नव्हतं. आणि चालू वर्षाच्या शेड्यूलवर क्युम्युलेटिव्ह बोनसच्या रकान्यात १,७०,००० छापलंय. मी पाच लाखांचे ५० टक्के धरून बसलो होतो.

---

जुना_दप्तरी | ३ एप्रिल, रात्री ९:४५

एक लाख सत्तर हजार बरोबर आहे. तीन लाखांवर चार वेळा तीस-तीस हजार, म्हणजे १ लाख २० हजार. मग पाच लाखांवर एकदा पन्नास हजार. बोनस त्या त्या वर्षाच्या मूळ रकमेवर चढतो.

आता तुमच्या आईबाबांचं साठलेलं धन तीन थरांत आहे असं समजा.

पहिला थर: ३ लाख, जून २०२० पासून. येत्या जूनला ७२ महिने पूर्ण.
दुसरा थर: २ लाख, जून २०२४ पासून. येत्या जूनला २४ महिने.
तिसरा: १ लाख ७० हजारांचा बोनस.

पोर्ट करताना नव्या कंपनीला तुमचा भोगून झालेला काळ मोजावा लागतो, आणि तो थरागणिक मोजतात. पॉलिसी सहा वर्षं जुनी म्हणून सगळी रक्कम सहा वर्षं जुनी होत नाही.

बाबांचा मधुमेह घ्या. आधीपासूनच्या आजारासाठी नव्या प्लॅनमध्ये ३६ महिन्यांचं वेटिंग आहे, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही, असं धरू; २०२४ पासून कायद्याने जास्तीत जास्त तेवढंच लावता येतं. तीन लाखांवर ते कधीच संपलंय. दोन लाखांवर अजून १२ महिने, म्हणजे जून २०२७ पर्यंत. आणि १० लाखांतले जे ३ लाख ३० हजार तुम्ही आज पहिल्यांदाच घेताय, त्यांच्यावर पूर्ण ३६ महिने, जून २०२९ पर्यंत. ती रक्कम त्यांच्या दृष्टीने नवी कोरी.

समजा येत्या सप्टेंबरमध्ये बाबांना अँजिओप्लास्टी करावी लागली आणि बिल साडेपाच लाख झालं. डॉक्टरांच्या कागदावर हृदयविकाराचं मूळ मधुमेह लिहिलं, आणि तसं लिहितातच. तर पॉलिसीवर १० लाख छापलेले असूनही कंपनी ४ लाख ७० हजारांपर्यंतच देईल. उरलेले ८० हजार घरातून. पण तेच बाबांना डेंग्यू झाला किंवा अपघात झाला, तर पहिल्या दिवसापासून पूर्ण १० लाख. पहिल्या तीस दिवसांचं वेटिंग पोर्टमध्ये माफ असतं, मात्र वाढीव रकमेवर काही कंपन्या तेही लावतात.

घाबरू नका. जुन्या कंपनीत राहिलात तरी दोन लाखांवरचे ते १२ महिने भोगायचेच आहेत. पोर्टमुळे तुमचं इथे काही जात नाही. फक्त "उद्यापासून बाबांना दहा लाखांचं कव्हर" हे एजंटचं बोलणं खरं नाही.

---

गोदाकाठचा_मंदार | ३ एप्रिल, रात्री १०:२०

काका, हे मला आजवर कोणी असं सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आईच्या गुडघ्याचं काय? तिला अजून ऑपरेशन सांगितलेलं नाही, पण दोनेक वर्षांत लागेल असं डॉक्टर म्हणतात.

---

जुना_दप्तरी | ४ एप्रिल, सकाळी ६:५०

गुडघा बदलणं, मोतीबिंदू, हर्निया, पित्ताशयातले खडे ही ठरलेल्या आजारांची वेगळी यादी असते. तिचं वेटिंग बहुतेक प्लॅनमध्ये २४ महिने असतं. तुमच्या नव्या प्लॅनमध्ये किती आहे ते वाचा. २४ असेल तर येत्या जूनला पाचही लाख मोकळे होतात, वर बोनस. म्हणजे ६ लाख ७० हजारांपर्यंत आई सुरक्षित, आणि नव्या ३ लाख ३० हजारांवर पुढची दोन वर्षं थांबायचं.

पण गुडघा दुखतो, डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढला, हे प्रपोजल फॉर्मवर लिहा. अगदी आवर्जून लिहा. पोर्टच्या फॉर्मवर बऱ्याच जणांना वाटतं की जुन्या कंपनीला सांगून झालंय, आता पुन्हा कशाला. नव्या कंपनीसाठी हा नवा करार आहे. २०२० नंतर लागलेलं रक्तदाब, थायरॉइड, जे काही असेल ते सगळं लिहायचं. लिहिलंत तर फार तर लोडिंग लागेल. नाही लिहिलंत तर क्लेमच्या वेळी तोच कागद पुढे येतो.

अनघाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. ग्रुप पॉलिसीतून सरळ दुसऱ्या कंपनीकडे सहसा जाता येत नाही. आधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत यायचं, त्याला मायग्रेशन म्हणतात, आणि पुढच्या रिन्युअलला पोर्ट करायचं. मिस्टरांचा शेवटचा दिवस येण्याआधीच एचआरकडून विमा कंपनीचा पत्ता आणि तुम्हा चौघांची नावं किती तारखेपासून आहेत त्याचं पत्र घ्या. नोकरी सुटल्यावर ते पत्र मिळवताना फार त्रास होतो.

---

वसुधा_सातारा | ४ एप्रिल, दुपारी ३:१०

मी माझं सांगते, कारण मंदारच्या आईवर माझ्यासारखी वेळ येऊ नये.

आमची पॉलिसी सात वर्षं जुनी होती. आमच्या ओळखीच्या एजंटने मागच्या वर्षी पोर्ट करून दिली. त्याने कागद दिले रिन्युअलच्या आठवडाभर आधी. पॉलिसी आली, पैसे कापले गेले, एक दिवसाचाही खंड नाही. मी निवांत होते. चार महिन्यांनी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात कॅशलेस नाकारलं. कारण लिहिलं होतं, 'दोन वर्षांचं वेटिंग चालू आहे'.

मी म्हटलं, अहो माझी सात वर्षं? तेव्हा भाच्याने पॉलिसीचं पहिलं पान मोबाईलवर मोठं करून दाखवलं. तिथे 'पॉलिसी प्रकार' पुढे 'फ्रेश' लिहिलं होतं. पहिल्या विम्याची तारीख म्हणून नव्या पॉलिसीचीच तारीख. आधीच्या विमा कंपनीचा रकाना रिकामा. पोर्टच्या मुदतीत कागद गेलेच नव्हते, तर तिथल्या माणसाने ती नवी पॉलिसी म्हणूनच काढली, आणि आम्हाला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. ऑपरेशनचे ५२ हजार मी भरले. सात वर्षांचे हप्ते माझ्या डोळ्यांसमोर आले हो.

कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहिलं, त्यांनी 'नियमानुसार' एवढंच उत्तर दिलं. आता पुण्याला विमा लोकपालांकडे अर्ज केलाय.

---

सचिन_चिंचवड | ४ एप्रिल, दुपारी ४:०० 

वसुधाताई, फार वाईट वाटलं वाचून. म्हणजे खंड पडला नाही एवढं पुरेसं नाही, हे मलाही आजच कळलं. पोर्टची मुदत नेमकी किती असते?

---

जुना_दप्तरी | ४ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

वसुधाताई, लोकपालांकडे गेलात ते योग्य केलंत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. एजंटला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, त्यात 'पोर्ट' हा शब्द असेल तर, तारखेसकट छापून जोडा. पोर्टेबिलिटी फॉर्मवर तुमची सही घेतली होती का, हे आठवून लिहा. सही घेतली असेल आणि तरी पॉलिसी फ्रेश निघाली, तर तुमची बाजू बरीच बळकट होते. फॉर्म भरलाच नसेल तर अवघड आहे, खोटी आशा देत नाही.

मुदतीबद्दल: बहुतेक पॉलिसींच्या कागदांत रिन्युअलच्या ६० दिवसांपेक्षा आधी नाही आणि ४५ दिवसांपेक्षा उशिरा नाही असं लिहिलेलं असतं. मंदार, १२ जूनपासून मागे मोजलं तर १३ एप्रिल ते २८ एप्रिल. उशिरा आलेला अर्ज घ्यायचा की नाही हे नव्या कंपनीच्या मर्जीवर. १३ तारखेलाच द्या.

त्यानंतरचं काम दोन कंपन्यांमध्ये चालतं. नवी कंपनी विमा माहिती केंद्राच्या पोर्टलवरून जुनीकडे तुमचा इतिहास मागते. जुनीने तो ७२ तासांत द्यायचा आणि नवीने माहिती मिळाल्यापासून ५ दिवसांत निर्णय कळवायचा, असं आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकात आहे. मेडिकल टेस्ट असतील तर प्रत्यक्षात जास्त दिवस जातात. म्हणूनही लवकर.

आणि नव्या कंपनीचा लेखी होकार हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. ११ जूनपर्यंत उत्तर आलं नाही तर सरळ जुनीचा हप्ता भरून टाका. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करता येतो. बासष्टाव्या वर्षी मधुमेहासकट विम्याशिवाय राहणं परवडणारं नाही.

---

कौस्तुभ_म्हापसा | ५ एप्रिल, सकाळी १०:२०

दप्तरीकाका, एका मुद्द्यावर मी वेगळं म्हणतो. तुम्ही ज्या परिपत्रकाचा उल्लेख केलात त्यातच विमा रक्कम, नो क्लेम बोनस, वेटिंग पिरियड आणि मोरॅटोरियम या सगळ्याचं श्रेय नव्या कंपनीकडे नेता येईल असं आहे. मग मंदारने ५ लाखांचीच पॉलिसी घेतली तर नवीने वर १ लाख ७० हजार फुकट द्यायला हवेत. तुमच्या हिशेबात तर तो ६ लाख ७० हजारांचा हप्ता भरतोय. जे त्याने क्लेम न करून कमावलं ते पुन्हा विकत घ्यायचं?

---

जुना_दप्तरी | ५ एप्रिल, दुपारी १२:४५

कौस्तुभ, शब्द तुम्ही बरोबर वाचलेत, आणि तुमचा राग मला पटतो. पण टेबलावर जे चालतं ते सांगतो. कंपन्या 'श्रेय' याचा अर्थ असा लावतात की मूळ रक्कम अधिक बोनस, एवढ्या रकमेपर्यंत वेटिंग पुन्हा लावणार नाही. मात्र ती रक्कम हवी असेल तर तेवढ्या रकमेचा प्लॅन घ्या आणि त्याचा हप्ता भरा. ६ लाख ७० हजारांचा प्लॅन कोणाकडेच नसतो, म्हणून माणूस साडेसात किंवा दहा घेतो. आणि नव्या पॉलिसीतला बोनसचा रकाना शून्यापासून सुरू होतो.

तर बोनसचं जुनेपण येतं, फुकटपणा जातो. मंदारच्या ६१ हजारांत त्या १ लाख ७० हजारांची किंमत धरलेली आहे. त्याने ५ लाखांचीच पॉलिसी घेतली, तर बहुतेक ठिकाणी तो बोनस तिथेच संपला समजा.

काही कंपन्या आलेला बोनस शेड्यूलवर वेगळ्या ओळीत दाखवतात, मीही पाहिलंय. म्हणून कोटेशन मागतानाच ईमेलवर विचारा, "माझा १,७०,००० चा बोनस तुमच्या शेड्यूलवर कुठे आणि कसा दिसेल?" फोनवरचं उत्तर धरू नका.

---

कौस्तुभ_म्हापसा | ५ एप्रिल, दुपारी १:१५

म्हणजे पद्धत तशी आहे म्हणून ते बरोबर, असं मला मान्य नाही. हा मुद्दा कोणीतरी लोकपालांपुढे नेऊन तडीस लावायला हवा. आणि हल्ली ज्या पॉलिसी दरवर्षी १०० टक्के बोनस देतात, पाच लाखांचे पंचवीस लाख होतात, त्यांचं काय? तो वाढीव बोनस जास्तीचा हप्ता भरून रायडरमधून मिळालेला असतो. माझ्याकडे तशीच आहे आणि दोन कंपन्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली. एक म्हणते फक्त मूळ बोनस धरू, रायडरचा नाही. दुसरी म्हणते सगळा धरू, पण २५ लाखांचा प्लॅन घ्या.

---

जुना_दप्तरी | ५ एप्रिल, दुपारी २:००

त्याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. दोन्ही प्रकार चालू आहेत हे खरं. दुसऱ्या कंपनीचं म्हणणं लेखी मिळालं असेल तर जपून ठेवा.

---

गोदाकाठचा_मंदार | ५ एप्रिल, रात्री ९:३०

कौस्तुभने मोरॅटोरियमचा उल्लेख केला. तो काय प्रकार आहे आणि तो पण थरांत मोजायचा का?

---

जुना_दप्तरी | ६ एप्रिल, सकाळी ७:१५

हो, आणि माझ्या मते सोबत नेण्यासारखं सगळ्यात मोलाचं धन तेच आहे. सलग ६० महिने झाले की "तुम्ही फॉर्मवर अमुक आजार लपवला" असं म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत आठ वर्षं होती. तुमच्या तीन लाखांचे ६० महिने गेल्या जूनलाच पुरे झाले. दोन लाखांचे २०२९ मध्ये होतील, नव्या रकमेचे २०३१ मध्ये.

बोनस गेला तर पैशात मोजता येतो. हे कवच गेलं तर सत्तराव्या वर्षी, आयसीयूच्या बाहेर उभं असताना कळतं. म्हणून नव्या शेड्यूलवर दोघांच्याही नावापुढे पहिल्या विम्याची तारीख १२/०६/२०२० आहे ना, एवढं आधी बघा. वसुधाताईंच्या पानावर नेमकी तीच तारीख चुकली होती.

---

वसुधा_सातारा | ६ एप्रिल, सकाळी ९:००

अगदी. आणि मंदार, आईचं आणि बाबांचं दोघांचं वेगवेगळं बघ. माझ्या जावेच्या पॉलिसीत दिरांची तारीख बरोबर आणि तिची चुकलेली होती.

---

सचिन_चिंचवड | ६ एप्रिल, सकाळी ११:४०

मग मागे काय राहतं? यादी कोणी करेल का?

---

जुना_दप्तरी | ६ एप्रिल, दुपारी १:३०

जे वेटिंग किंवा रकमेशी बांधलेलं नाही ते जुन्या कंपनीचं, ते तिथेच राहतं. फुकट वार्षिक तपासणीची साठलेली वर्षं, सलग रिन्युअलबद्दलची सूट, चालायचे पॉइंट, हे सगळं. याचं दुःख करू नका.

दुःख करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. काही जुन्या प्लॅनमध्ये अशा अटी असतात ज्या आज कोणी देत नाही. माझ्या एका परिचितांनी हॉस्पिटलचा खर्च बघून पोर्ट केलं आणि नव्या पॉलिसीत साठीनंतर २० टक्के को-पे होता. चार लाखांच्या बिलात ८० हजार त्यांचे. वेटिंगचं श्रेय पुरेपूर मिळालं होतं, तरी तोटाच झाला. पोर्टमध्ये तुमचा काळ सोबत येतो, तुमच्या अटी येत नाहीत. मंदारच्या बाबतीत रूमभाड्याची अट जातेय ही जमेची बाजू, पण नव्या कागदात को-पे, ठरावीक आजारांवर उपमर्यादा, झोननुसार कपात आहे का ते शोधा. नाशिकच्या दराने पॉलिसी घेतली आणि मुंबईत उपचार केले तर काही प्लॅन टक्केवारी कापतात.

आणखी एक. नव्या कंपनीने नाकारलं तर पुढच्या प्रत्येक प्रपोजल फॉर्मवर "पूर्वी कोणी विमा नाकारला आहे का" याला 'हो' लिहावं लागतं. म्हणून एकदम चार ठिकाणी अर्ज टाकू नका.

---

अनघा_डोंबिवली | ६ एप्रिल, रात्री ९:१५

काका, एचआरने पत्र द्यायचं कबूल केलंय. प्रत्येकाची तारीख वेगळी निघाली, धाकटीचं नाव दीड वर्षापूर्वीच जोडलेलं आहे. पण एक कळलं नाही. ग्रुपमध्ये वेटिंग शून्य होतं, मग वैयक्तिक पॉलिसीत चार वर्षं मोजतील की नाही? विमा कंपनीचा माणूस म्हणतो "बघू".

---

जुना_दप्तरी | ६ एप्रिल, रात्री १०:००

सलग कव्हर होतं तो काळ मोजायला हवा. "बघू" हे उत्तर चालणार नाही, ईमेल करा आणि त्याच ईमेलमध्ये चौघांच्या तारखा लिहा.

---

गोदाकाठचा_मंदार | २४ जून २०२६, रात्री १०:०५

मंडळी, उशिरा कळवतोय. १३ एप्रिलला अर्ज दिला. सोबत सहाही वर्षांची शेड्यूलं, पोर्टेबिलिटी फॉर्म, नवा प्रपोजल फॉर्म. आईचा गुडघा आणि २०२२ पासूनची थायरॉइडची गोळी लिहिली. बाबांच्या टेस्ट झाल्या, एचबीएवनसी ७.४ आलं. ६ मेला होकार आला, बाबांवर १५ टक्के लोडिंग लावून. घरात चर्चा झाली आणि घेतलं.

पॉलिसीची पीडीएफ ९ जूनला आली. दप्तरीकाका, तुम्ही सांगितलेलं पान उघडलं. प्रकार 'पोर्ट', आधीच्या कंपनीचं नाव बरोबर, दोघांची तारीख १२/०६/२०२०. पण त्याखाली पाचही लाख रुपये २०२० पासूनचे दाखवले होते आणि बोनसच्या जागी शून्य. एक चूक माझ्या फायद्याची, एक तोट्याची. बाबा म्हणाले, दोन्ही कळव. मी दोन्ही लिहून पाठवलं, जुन्या शेड्यूलांच्या प्रती जोडून. फ्री लुकचे, म्हणजे पॉलिसी परत करता येण्याचे, ३० दिवस आहेत हे माहीत होतं, पण जुन्या पॉलिसीचा ग्रेस पिरियडही ३० च दिवसांचा, म्हणून त्याच रात्री मेल केला.

काल दुरुस्तीचं एंडॉर्समेंट आलं. आता तीन ओळी आहेत: ३,००,००० पुढे २०२०, २,००,००० पुढे २०२४, आणि 'पोर्टेड बोनस' १,७०,०००. उरलेले ३,३०,००० नवीन. हप्ता मात्र दहा लाखांचाच.

एक प्रश्न राहिला. या जूनला जुन्या कंपनीत राहिलो असतो तर आणखी ५० हजार बोनस चढला असता, कारण हेही वर्ष बिनक्लेमचं गेलं. तो कोणीच मोजला नाही. नवी म्हणते जुनीने पाठवलेल्या माहितीत १,७०,००० च आहेत. जुनी म्हणते बोनस रिन्युअलला चढतो, आणि तुम्ही रिन्युअल केलंच नाही.

---

कौस्तुभ_म्हापसा | २४ जून, रात्री १०:४०

ते वर्ष त्यांनी पूर्ण हप्ता भरून क्लेमशिवाय काढलंय. तो बोनस त्यांचाच आहे. सोडू नका, दोन्ही कंपन्यांना एकत्र मेल टाका.

---

जुना_दप्तरी | २५ जून, सकाळी ६:४५

मंदार, बाबांनी दोन्ही चुका कळवायला लावल्या ते उत्तम केलं. क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीची माहिती पुन्हा मागवली जाते, आणि तेव्हा ती चूक तुमच्यावर उलटली असती.

त्या ५० हजारांबद्दल दोन्ही बाजूंनी निर्णय होताना मी पाहिलंय. जुन्या कंपनीच्या रिन्युअल नोटिशीवर, जी मे महिन्यात आली असेल, पुढच्या वर्षाचा बोनस २,२०,००० छापला होता का? छापला असेल तर तो कागद नवीला पाठवा.

---

गोदाकाठचा_मंदार | २५ जून, सकाळी ८:२०

नोटीस सापडली. २,२०,००० आहे! आजच पाठवतो.

---

वसुधा_सातारा | २७ जून, दुपारी ४:३०

मंदार, आईबाबांचं नीट झालं हे वाचून खूप बरं वाटलं. माझ्याकडे पोर्टेबिलिटी फॉर्मचा मोबाईलवर काढलेला फोटो सापडला, सही आणि तारखेसकट. भाच्याने काढून ठेवला होता. लोकपालांच्या कार्यालयातून सुनावणीची तारीख आली आहे, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. फोटो छापून घेऊन जातेय.